वीस विरुद्ध अकरा

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, त्यामुळे राग यायचा प्रश्नच नव्हता. जाहिरातीचं छोटंसं ऑफिस होतं ते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आठ टेबलं, आणि एक पाण्याचं यंत्र, ज्यातून गार पाणी हवं म्हटलं की कोमट यायचं. दवाखाने, शिकवण्या, चपलांची दुकानं अशा लोकांची सोशल मीडियाची पानं हे लोक सांभाळायचे. फोटो एकजण काढायचा, मजकूर दुसरा लिहायचा, आणि कुठला मजकूर लोकांना रुचला ते मोजणीबाई मोजायची.

काम तसं सोपं होतं. फोटो एकच, त्याखाली लिहायच्या ओळी दोन तऱ्हेच्या. अर्ध्या लोकांना ही दाखवायची, अर्ध्यांना ती. कुणाला कुठली दिसेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, त्यात माणसाचा हात नाही. मग किती जणांनी बटण दाबलं ते मोजायचं. आता एवढ्यात चुकायला काय आहे, असं कुणालाही वाटेल. तिलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं.

तिच्या शेजारच्या टेबलावर मास्तर बसायचे. सत्तावन्न वर्षांचे. पूर्वी शाळेत भाषा शिकवायचे, पुढे शाळाच बंद पडली आणि मास्तर इथे आले. गेली नऊ वर्षं ऑफिसातली प्रत्येक ओळ त्यांच्या हातून गेली होती. चपलेच्या दुकानासाठी चार शब्द लिहायचे तरी माणूस अर्धा तास विचार करायचा. "अगं बाई, चप्पल घेणारा पण वाचतोच ना गं," असं म्हणायचा, आणि स्वतःच्याच ओळीवर स्वतःच खूश होऊन पान खाल्ल्यासारखं तोंड करायचा. निवृत्तीला तीन वर्षं होती. या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार? हे मास्तरांना ठाऊक होतं, घरी काकूंना ठाऊक होतं, आणि ऑफिसातल्या खुर्च्यांनासुद्धा ठाऊक होतं.

अशात साहेबांनी एक यंत्र आणलं. यंत्र म्हणजे कॉम्प्युटरातलंच काहीतरी. फोटो द्या, ते ओळी लिहून देतं. चहा संपायच्या आत दहा. साहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते, हो! उगाच कुणाला बोलायचे नाहीत, वाढदिवस लक्षात ठेवायचे. पण नवी वस्तू घरात आली की जुनी अडगळ वाटायला लागते, तसं त्यांचं झालं होतं.

"आपण तुलना करू," साहेब म्हणाले. "मास्तर विरुद्ध यंत्र. मोजणीबाई सांगतील तो निकाल. यंत्र जिंकलं तर, मास्तर, मग आपल्याला विचार करावा लागेल."

मास्तर हसले. त्यांना खात्री होती.

डोळ्यांच्या दवाखान्याची पोस्ट निवडली. फोटोत एक आजी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवू बघतायत. मास्तरांनी लिहिलं: 'सुईत दोरा ओवायला हल्ली नातीला हाक मारावी लागते का? मग एकदा येऊन डोळे दाखवून जा. तपासणीचे पैसे पडत नाहीत आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळही लागत नाही.' यंत्रानं लिहिलं: 'डोळे तपासा. मोफत. आजच वेळ घ्या.' दोन्हींच्या खाली एकच बटण होतं, वेळ घ्या.

मोजणीबाईनं सुरुवातीलाच बजावलं. "साहेब, शंभर लोकांनी पाहिलं तर बटण दाबतात दोघं-तिघं. एवढ्या तुटपुंज्या संख्येत फरक दिसला तरी तो खरा की योगायोग ते कळत नाही. एक दुसऱ्यापेक्षा एक-तृतीयांशाने सरस आहे की नाही हे भरवशानं सांगायचं, तर प्रत्येक बाजूला सात हजार लोक लागतील. रोज दोनशे-दोनशे जणांना दाखवायचं परवडतंय, म्हणजे पाच आठवडे. तोवर निकाल नाही."

"पाच आठवडे!" साहेब म्हणाले. "अहो, शितावरून भाताची परीक्षा होते."

"एका भांड्याची होते. इथे दोन भांडी आहेत, आणि दोन्हींतलं एकेक शीत चाखून कुठला भात जास्त शिजलाय ते तुम्ही विचारताय."

साहेबांनी हसून मान हलवली आणि पाच आठवडे कबूल केले. कबूल करताना ते दुसऱ्याच कुणाला तरी फोनवर मेसेज करत होते, हे तिनं पाहिलं होतं. पण कबुली ती कबुली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तिनं आकडे उघडले. उघडायला नको होते, पण रोज बघायची सवय लागली की सुटत नाही. मास्तर सहा, यंत्र दोन. तिप्पट!

आता इथे गोष्टीत जरा थांबायला हवं, कारण सगळं इथेच बिघडलं. त्या क्षणी ती उठून साहेबांच्या खोलीत गेली असती आणि म्हणाली असती, "साहेब, मास्तर तिप्पट पुढे आहेत," तर साहेबांनी तिथल्या तिथे यंत्र गुंडाळलं असतं. ती त्यांना ओळखत होती. मास्तरांची तीन वर्षं सुखानं गेली असती. नुसतं दार उघडून एक वाक्य बोलायचं होतं. पण सहा आणि दोन म्हणजे आठ माणसं. आठ माणसांवरून काय ठरतं? उद्या उलटं होईल. आकडे सुरुवातीला असेच हेलपाटतात. पुढे असताना थांबवलं की वाट्टेल तो जिंकतो. हे तिला माहीत होतं, आणि यावेळी तरी नियमानं करायचं असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

'यावेळी तरी' का, तेही सांगते. दीड वर्षापूर्वी तिच्या जागी एक चष्मेवाली होती. मोजणीचं मुख्य काम तिच्याकडे होतं आणि मोजणीबाई तिच्या हाताखाली. दोघींनी एका पोस्टसाठी ओळी सुचवल्या, आणि साहेबांनी गमतीत शर्यत लावली. चौथ्या दिवशी मोजणीबाई बारा, चष्मेवाली पाच. साहेब म्हणाले, "बस! कुणाला लोक कळतात ते कळलं." महिन्याभरात चष्मेवाली गेली आणि तिची खुर्ची मोजणीबाईला मिळाली. सतरा बटणांवर मिळालेली खुर्ची. त्या दिवशी तोंड उघडून "साहेब, हे काही खरं नाही" एवढं म्हणणं तिला जमलं नव्हतं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, "नशीब काढलं." आणि ते अक्षरशः खरं होतं.

म्हणून ती सहा-दोनवर गप्प बसली. माणूस एकदा चुकीचं वागतो आणि नंतर चुकीच्या वेळी शहाणा होतो, ते असं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. आकड्यांचं पान त्यांच्या स्क्रीनवर उघडं होतं. ते उघडायचं कसं हे तिनंच त्यांना शिकवलं होतं, मोठ्या हौसेनं, रंगीत रेघांसकट.

"बघा," साहेब म्हणाले. "यंत्र वीस, मास्तर अकरा. जवळजवळ दुप्पट. संपलं."

"साहेब, सहाशे-सहाशे लोकच झालेत. पाच आठवडे ठरले होते."

"अहो, इतकं लख्ख दिसतंय! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"परवा मास्तर सहा आणि यंत्र दोन होतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

सांगितलं नाही कारण ते खरं नव्हतं, आणि आता हे खरं नाही म्हणून सांगतेय, तर ऐकणाऱ्याला वाटतं बाई मास्तरांची बाजू घेतेय. तिला स्वतःचाच संताप आला.

"एक रुपयाचं नाणं आहे का?" तिनं विचारलं.

"नाणं?"

"एकतीस वेळा उडवूया. छापा यंत्राचा, काटा मास्तरांचा. नाण्याला काही ओळी लिहिता येत नाहीत. तरी एकतीस वेळा उडवलं की वीस-अकरा किंवा त्याहून वाकडं असं सातात एकदा होतं. आणि आपण रोज डोकावून बघतोय, मनासारखं दिसलं की थांबतोय, म्हणजे त्याहूनही जास्त वेळा फसणार."

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी खिशातून नाणं काढलं. ती उडवत होती आणि साहेब कागदावर रेघा मारत होते. बाहेरच्या खोलीतून दोघं डोकावून गेले. एकानं विचारलं, लग्न कुणाचं ठरवताय? मास्तर मात्र आपल्या जागेवर पाठ करून बसले होते. त्यांच्या पुढ्यात चपलेचा नवा फोटो होता.

एकतीस वेळा झालं. छापा सोळा, काटा पंधरा.

साहेबांनी कागद तिच्याकडे फिरवला. "घ्या! नाण्यानं कसं बरोब्बर समान दिलं. म्हणजे नुसतं नशीब असतं तर असं आलं असतं. वीस-अकरा आलंय, त्याअर्थी त्यात काहीतरी आहे."

"सातात एकदा म्हटलं मी! आपण एकदाच उडवलं. सात वेळा एकतीस-एकतीस उडवायला हवं."

"बाई," साहेब म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नका."

आणि वर काय, त्यांना तसं वाटणंही स्वाभाविक होतं. एकदा उडवल्यावर जवळजवळ समान यायचीच शक्यता जास्त. तिनं जे पटवायला नाणं मागितलं, त्याच गोष्टीनं तिला तोंडघशी पाडलं. थोड्या आकड्यांवर विसंबू नका हे सांगायला तिनं स्वतः थोड्याच आकड्यांचा आधार घेतला होता. सगळं आयुष्य मोजण्यात घालवलेल्या बाईनं असं करावं? कपाळ!

साहेबांनी दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवला.

"मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही म्हणता ते कळतंय मला. पण दोघांचाही खर्च ऑफिसला झेपत नाही. कुणीतरी जाणार. माझ्या लहरीनं गेले असं मास्तरांना वाटण्यापेक्षा आकड्यानं गेले असं वाटलेलं बरं. आणि आकडा तर आहे."

"आकडा नाही, साहेब. तो योगायोग असू शकतो."

"बारा-पाच काय होतं मग?"

तिनं कागदावरच्या रेघांकडे पाहिलं.

"सांगा ना. तुम्हीच हिशेब करून सांगा. बारा-पाच किती वेळा येतं नुसत्या नाण्यानं?"

तिनं तो हिशेब दीड वर्षापूर्वीच केला होता. घरी, ओट्याशी उभं राहून, दुधाकडे लक्ष ठेवता ठेवता.

"सातात एकदा," ती म्हणाली.

"म्हणजे तेवढंच. तो निकाल खोटा असेल तर तुम्ही या खुर्चीत कशा? त्या पोरीला परत बोलावू? तुम्हाला तिच्या हाताखाली बसवू? तुम्ही लिहून द्या की तीन-चार दिवसांचे आकडे कुचकामी असतात. मी दोन्ही निकाल रद्द करतो. एका दगडात दोन पक्षी."

साहेब धमकी देत नव्हते. खरंच विचारत होते, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. मुलाची शाळा, सासऱ्यांच्या गोळ्या, नवऱ्याचं सुटत आलेलं काम हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला वाटलं, आत्ता बोलावं. द्या कागद, लिहून देते. ओठांपर्यंत आलं होतं. मग तिनं पाहिलं की आपली मान खाली गेली आहे, आणि एकदा खाली गेलेली मान वर आणायला जो क्षण लागतो तो निघून गेला आहे.

दुपारी तिनं अहवाल लिहिला. 'यंत्राच्या ओळींना मिळालेला प्रतिसाद जवळजवळ दुप्पट.' खाली सही केली. ते वाक्य खोटं नव्हतं, आणि त्यात खरंही काही नव्हतं.

मास्तरांनी अहवाल उभ्या उभ्या वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. पाहुणे गेल्यावरही दारात थोडा वेळ उभं राहावं तसं ते राहिलं. मग ते म्हणाले, "लोकांना नाही आवडलं तर. बरं." बाकी काही नाही. महिनाअखेरीला त्यांनी टेबल आवरलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि तिला म्हणाले, "तू प्रामाणिकपणे मोजलंस. तुझ्यावर राग नाही हो."

राग असता तर बरं झालं असतं.

मास्तर गेल्यावर तिनं एक काम केलं. दवाखान्याची जाहिरात चालूच होती. तिनं कुणाला न विचारता मास्तरांची ओळ पुन्हा एका बाजूला लावली, दुसऱ्या बाजूला यंत्राची, आणि मोजणी शून्यापासून सुरू केली. पाच आठवडे ती एकदाही डोकावली नाही. हात शिवशिवायचे, पण नाही. पस्तिसाव्या दिवशी पान उघडलं. दोन्हीकडे सात हजार. मास्तर दोनशे तीन. यंत्र एकशे अठ्ठ्याण्णव.

मास्तर पाचानं पुढे होते. पण पाच म्हणजे काहीच नाही, सात हजारांत पाच म्हणजे डाव्या बाजूला वारा जरा जास्त आला. मास्तर जिंकले असं म्हणायचीसुद्धा तिला सोय नव्हती. खरं एवढंच होतं की दोघांत दिसण्याजोगा फरक नव्हता. लोकांना मास्तरांची ओळ तेवढीच आवडली होती, आणि मास्तर घरी बसले होते.

साहेबांना दाखवून उपयोग नव्हता. तरी तिनं दाखवलं. साहेबांनी पाहिलं, मग म्हणाले, "सारखंच आहे तर मग आठवडाभराचं काम मिनिटात होणारं बरं ना?" तिनं कागद छापून घेतला, पिशवीत टाकला आणि रविवारी मास्तरांच्या घरी गेली. निदान त्यांना तरी कळू दे, असं मनात होतं. माणसाला आपलं काम वाईट नव्हतं हे कळायला हवं.

काकूंनी दार उघडलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता. हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. जेवत नाहीत धड. दिवसभर तेच."

बाहेरच्या खोलीत पलंगावर कागद पसरले होते. नऊ वर्षांच्या ओळी. मास्तर हातात लाल पेन्सिल घेऊन स्वतःच्याच ओळी तपासत होते, पोरांच्या वह्या तपासाव्या तशा. काहींखाली रेघा, काहींपुढे प्रश्नचिन्ह. दाढी वाढली होती. ती दिसताच ते घाईनं म्हणाले, "ये, ये. तूच सांगशील. मी शोधतोय, सापडत नाही. कुठं चुकलं गं?"

"मास्तर, तेच सांगायला आले. कुठेच चुकलं नव्हतं." तिनं कागद पुढे केला. "मी पुन्हा मोजलं, पुरं मोजलं. सात-सात हजार लोक. काही फरक नाही. तेव्हाचं वीस-अकरा योगायोग होता. नाणं उडवल्यासारखा."

मास्तरांनी कागद हातात घेतला. दोनदा वाचला. तिला वाटलं होतं चेहरा उजळेल. कशाचं काय!

"योगायोग?"

"हो."

"म्हणजे मी असाच गेलो? नाणं पडलं म्हणून?" आवाज चढला. "नऊ वर्षं, आणि त्याआधी तेवीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि त्याला काही कारणच नाही? चूक असती तर सुधारली असती गं मी! याला काय सुधारू?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता आणि त्या मोजणीबाईकडे बघून मान हलवत होत्या. नको, नको.

"आणि तुला," मास्तर म्हणाले, "तुला तेव्हा ठाऊक होतं?"

मोजणीबाईनं तोंड उघडलं. एका शब्दाचं उत्तर होतं. साहेबांच्या खोलीत जे जमलं नाही ते इथे तरी जमावं म्हणून ती आली होती. मास्तर तिच्याकडे बघत होते, तहानलेला माणूस भांड्याकडे बघतो तसे, आणि तिला उमगलं की त्यांना खरं नको आहे. त्यांना कारण हवं आहे.

"नाही," ती म्हणाली. मग तो कागद तिनं त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. "आणि मास्तर, अगदीच काही नव्हतं असंही नाही. जरा... वाक्य लांब होतं. लोक आजकाल वाचत नाहीत एवढं."

मास्तरांनी पेन्सिल उचलली. आजीच्या फोटोखालची ती ओळ शोधून काढली आणि 'अर्ध्या तासापेक्षा' वर लाल रेघ मारली. मग मागे टेकले. कितीतरी आठवड्यांनी त्यांच्या खांद्यांतला ताण उतरलेला काकूंना दिसला असावा, कारण त्या डोळे पुसून चहा टाकायला आत गेल्या.

"लांब होतं," मास्तर म्हणाले. "हो. लांबच होतं. मलाही कधीकधी वाटायचं. बरं झालं सांगितलंस, पोरी. निदान कारण तरी कळलं."